फी परत मागताना कोणती तारीख लिहावी?

सत्र सुरू होण्याआधीच प्रवेश रद्द केला, एवढंच बहुतेक अर्जांत लिहिलेलं असतं. पण यूजीसीच्या 2018च्या नियमांत परतावा मोजतात तो प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेवरून. ती तारीख 31 जुलै आणि फी 60,000 रुपये धरा. 10 जुलैला अर्ज दिला तर प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त पाच टक्के, म्हणजे 3,000 रुपये कापता येतं. 57,000 परत मिळतात. तोच अर्ज 20 जुलैला दिला तर पंधरा दिवसांची मर्यादा हुकते आणि नव्वद टक्के, म्हणजे 54,000 हाती येतात. म्हणून अर्जात अंतिम तारीख, पावती क्रमांक आणि बँक खातं लिहा. अनामत रक्कम वेगळी मागा. ती पूर्ण परत मिळते. आवक शिक्का मारलेली प्रत मात्र स्वतःकडे ठेवाच.