रक्ताचा डाग आणि हायड्रोजन पेरॉक्साइड

हायड्रोजन पेरॉक्साइड दिसायला पाण्यासारखेच असते, पण त्याच्या रेणूत पाण्यापेक्षा ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो. हा जोड कच्चा असल्यामुळे रेणू सहज फुटतो. त्यातून पाणी आणि ऑक्सिजन तयार होतो आणि त्या ओघात डागातील रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन त्याचा रंग जातो.

रक्ताच्या डागावर ही क्रिया डोळ्यांना दिसते. पांढऱ्या सुती चादरीवर डाग पडला, तर तो आधी थंड पाण्याखाली धरावा. गरम पाण्याने रक्तातील प्रथिने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो. त्यानंतर डागावर ३ टक्के पेरॉक्साइड ओतावे. औषधाच्या दुकानातील बाटली ६ टक्क्यांची असेल, तर तेवढेच थंड पाणी मिसळावे. ओतताच फेस येतो, कारण रक्तातील कॅटालेझ हे विकर पेरॉक्साइड वेगाने फोडते. फेस बसला की तो टिपून घ्यावा, डाग उरला असल्यास पुन्हा थोडे ओतावे आणि शेवटी कापड साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळावे.

पेरॉक्साइडला डागाचा रंग आणि कापडाचा रंग यांतला फरक कळत नाही. म्हणून रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीजवळ एक थेंब टाकावा, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपावे आणि वाळल्यावर रंग उतरला आहे का ते पाहावे. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे धागे आहेत. त्यांवर पेरॉक्साइड जास्त वेळ राहिले, तर ते कमजोर होतात. जरीच्या काठापासूनही ते दूर ठेवावे. लोखंडाच्या गंजावर ते वापरूच नये. गंज त्याने निघत नाही, उलट लोखंडामुळे पेरॉक्साइड इतक्या जोरात फुटते की तिथला सुती धागा झिजून भोक पडू शकते. तेलाच्या डागाला साबणच लागतो.

हाच कच्चा जोड प्रकाशानेही तुटतो, विशेषतः अतिनील किरणांनी. म्हणून पेरॉक्साइड तपकिरी किंवा अपारदर्शक बाटलीत मिळते. पारदर्शक बाटलीत ते हळूहळू नुसते पाणी होऊन जाते. उष्णता आणि धूळही हे विघटन वाढवतात. त्यामुळे बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि बाहेर काढलेले द्रव परत तिच्यात ओतू नये. सुटणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साठतो, म्हणून ते दुसऱ्या घट्ट बुचाच्या बाटलीत भरणेही धोक्याचे आहे. क्लोरीनचे ब्लीच किंवा व्हिनेगर त्यात कधीही मिसळू नये.

जुन्या बाटलीतील पेरॉक्साइडचे काही थेंब ताज्या कापलेल्या बटाट्यावर टाकून पाहावेत. बटाट्यातही कॅटालेझ असते. भरपूर फेस आला, तर द्रव कामाचे आहे; जेमतेम बुडबुडे आले, तर त्यातले बहुतेक पेरॉक्साइड संपलेले आहे.