शब्दाला किती?

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून चार पैसे मिळवायचे ठरवले, की पहिला प्रश्न येतो: शब्दाला किती? खरे तर त्याआधी विचारायला हवे, कोणत्या भाषेतला शब्द?

इंग्रजीत ‘इन द बँक’ हे तीन शब्द होतात, मराठीत ‘बँकेत’ हा एकच. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटत असल्याने मराठी मजकुरात शब्द कमी भरतात. समजा, विम्याच्या माहितीपुस्तिकेत 5,000 इंग्रजी शब्द आहेत आणि दर आहे 1 रुपया 20 पैसे. मूळ मजकुरावर बिल केले तर 6,000 रुपये होतात. भाषांतर 4,000 शब्दांत आटोपले आणि एजन्सीने तेच मोजले, तर हातात 4,800. म्हणून होकार देण्याआधी मोजणी मूळ मजकुराचीच, हे ईमेलवर लिहून घ्यावे. नाहीतर दीड रुपया मागावा, हिशेब तिथेच येतो.

हा दर परवडतो का, ते वेगावर ठरते. नवा माणूस नीट काम केले तर दिवसाला दोनेक हजार शब्द करतो. म्हणजे या पुस्तिकेला अडीच दिवस, वर अर्धा दिवस तपासायला. दिवसाला 2,000 रुपये पडले. पण एजन्सीचे सॉफ्टवेअर मजकुरात पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये शोधून त्यांना पाव दरच लावते. विम्याच्या कागदांत अशा वाक्यांची काय कमी! 600 शब्द तसे निघाले, तर 6,000चे 5,460 होतात. ही वजावट मान्य करायला हरकत नाही, फक्त ती काम घेताना कळावी, बिल करताना नव्हे.

सुरुवातीला काम बहुधा एजन्सीच देते. ProZ.com सारख्या ठिकाणी नाव नोंदवावे, पण ‘सर्व विषय’ असे लिहू नये. बँकेत नोकरी केलेल्याने बँकिंग लिहावे, परिचारिकेने आरोग्य. सोबत त्याच विषयाचे दोन पानांचे नमुना भाषांतर युनिकोडमध्ये द्यावे. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडते. चाचणी म्हणून दोन-तीनशे शब्द फुकट करून देण्याची रीत आहे. कोणी चाचणीच्या नावाखाली दोन हजार शब्द धाडले, तर ते कामच समजावे आणि दर सांगावा.

थेट ग्राहक जास्त दर देतात, कारण मधला वाटेकरी नसतो. सामाजिक संस्थांचे वार्षिक अहवाल, रुग्णालयांची माहितीपत्रके, शेतीऔषध कंपन्यांची पत्रके ही त्यांची कामे. अशा ठिकाणी अर्जापेक्षा त्यांच्याच जुन्या मराठी पत्रकातला एक परिच्छेद सुधारून पाठवावा. तो वाचायला मिनिटही लागत नाही.

काम मिळाले, की शब्दसंख्या, दर, मुदत आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लिहिलेली पीओ हाती येईपर्यंत फाइलला हात लावू नये. एजन्सीचे पैसे तीस ते साठ दिवसांनी येतात, तेव्हा तेवढ्या महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला असावा. आगाऊ जास्त रकमेचा चेक धाडून ‘उरलेले परत करा’ म्हणणारा परदेशी ग्राहक मात्र ठगच असतो. चेक काही दिवसांनी परत येतो आणि आपण पाठवलेले पैसे गेलेले असतात.