दोन अर्जांमधील सहा महिने : परस्पर संमतीचा घटस्फोट आणि आधी ठरवायच्या गोष्टी

संसार टिकावा म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी, समाजातील मध्यस्थांनी वर्ष-दीड वर्ष प्रयत्न केले आणि तरीही तो टिकला नाही, असे प्रसंग आता व्यापारी कुटुंबांतही अपवादात्मक राहिलेले नाहीत. अशा वेळी आरोप-प्रत्यारोपांच्या दाव्यापेक्षा परस्पर संमतीने विभक्त होणे दोन्ही घरांना बरे वाटते. ‘दोघेही राजी आहेत, एक सही केली की झाले’ अशी मात्र अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात कायदा दोनदा संमती मागतो आणि या दोन संमतींमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवतो. बहुतेक तडजोडी बिघडतात त्या याच अंतरात.

प्रथम एक शंका दूर करणे आवश्यक आहे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच्या आधारे फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने, जैनांना हिंदू विवाह कायदा लागू नाही, असे म्हणून एका जैन दांपत्याचा घटस्फोटाचा अर्ज फेटाळला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला. १९५५ च्या या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध व शीख यांच्यासोबत जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जामुळे त्यात बदल होत नाही. त्यामुळे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी जैन दांपत्यांनाही याच कायद्याचे कलम १३-ब लागू होते. हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आले.

कालगणना

अर्ज दाखल करण्यापूर्वी पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असले पाहिजेत. एकत्र कुटुंबात येथे नेहमी प्रश्न पडतो, की सून त्याच वाड्यात वेगळ्या खोलीत राहत असेल तर काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात याचा उलगडा केला आहे. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून सहजीवन नसेल, तर ते विभक्त राहणेच होय. मात्र ते सिद्ध करता आले पाहिजे, म्हणून विभक्त झाल्याची तारीख दोघांनी विचारपूर्वक व खरी लिहावी.

एक उदाहरण घेऊ. सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरातील दांपत्य १ मार्च २०२४ पासून विभक्त राहत आहे. १० मार्च २०२५ रोजी दोघे संयुक्त अर्ज दाखल करतात. ही पहिली संमती. कायद्याप्रमाणे दुसरी संमती सहा महिन्यांनंतर, म्हणजे १० सप्टेंबर २०२५ नंतर, आणि अठरा महिन्यांच्या आत, म्हणजे १० सप्टेंबर २०२६ पर्यंत नोंदवायची असते. त्या दिवशी दोघांना पुन्हा न्यायाधीशांसमोर विचारले जाते. संमती मोकळ्या मनाने दिलेली आहे, अशी खात्री झाली तरच हुकूमनामा होतो.

मधल्या काळात दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. तसे सुरेष्टा देवी निकालाने स्पष्ट केले. मुंबईच्या एका प्रकरणात तर पती दुसऱ्या वेळी हजरच राहिला नाही. त्याची संमती कायम असल्याचे गृहीत धरून कौटुंबिक न्यायालयाने घटस्फोट दिला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २००९ मध्ये स्मृती पहाडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचेच म्हणणे उचलून धरले. मौन म्हणजे संमती नव्हे. हुकूमनाम्याच्या दिवशी दोघांची संमती प्रत्यक्ष असली पाहिजे.

मुदत माफ केव्हा होते?

सहा महिन्यांचा काळ पुनर्विचारासाठी आहे. जेथे पुनर्विचाराला वावच उरलेला नाही, तेथे न्यायालय तो माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात ठरवले. त्यासाठी न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी पाहते. विभक्त राहण्याचे एक वर्ष आणि हे सहा महिने, असे मिळून दीड वर्ष पहिल्या अर्जापूर्वीच उलटलेले असावे. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत. आणि पोटगी, मुलांचा ताबा व इतर सर्व वाद खरोखर मिटलेले असावेत. माफीचा अर्ज पहिल्या संमतीनंतर एका आठवड्याने करता येतो.

वरील दांपत्य अर्जाच्या वेळी जेमतेम एक वर्ष विभक्त होते, म्हणून ते पहिल्याच कसोटीवर अडकते. माफीचा खरा उपयोग ज्यांचे विभक्तपण जुने आहे, त्यांनाच होतो.

तिसरी कसोटी किती बारकाईने तपासली जाते, हे क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांच्या प्रकरणात दिसले. दोघे जून २०२२ पासून विभक्त होते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. ठरलेल्या ४ कोटी ७५ लाख रुपयांपैकी सुमारे २ कोटी ३७ लाखच दिले गेले होते. तडजोडीचे पालन अपुरे आहे, असे म्हणून कौटुंबिक न्यायालयाने मुदत माफ करण्यास नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्च रोजी तो आदेश बाजूला सारला, कारण उरलेली रक्कम हुकूमनाम्यानंतर द्यायची, असे तडजोडनाम्यातच लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी घटस्फोट झाला. अर्धी रक्कम बाकी असतानाही मार्ग मोकळा झाला तो हप्त्यांची वेळ स्पष्ट लिहिलेली होती म्हणून.

रक्कम केव्हा आणि कशी?

समजा, वरील दांपत्याने एकरकमी २१ लाख रुपये ठरवले. सर्व रक्कम पहिल्या दिवशी दिली आणि पत्नीने नंतर संमती मागे घेतली, तर पतीचे हात रिकामे. सर्व रक्कम घटस्फोटानंतर द्यायची ठरली आणि पतीने टाळाटाळ केली, तर पत्नीला वसुलीसाठी पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. म्हणून ७ लाख अर्जाच्या वेळी आणि १४ लाख दुसऱ्या संमतीच्या दिवशी न्यायालयासमोर, अशी विभागणी दोघांनाही सुरक्षित वाटते. दुसऱ्या संमतीची वेळच आली नाही, तर पहिल्या ७ लाखांचे काय करायचे, हेही त्याच कागदावर लिहावे. हे वाक्य बहुतेक तडजोडनाम्यांत राहून जाते आणि पुढील भांडणाचे मूळ तेच ठरते.

डिमांड ड्राफ्टची मुदत केवळ तीन महिन्यांची असते. उत्साहाने पहिल्याच दिवशी १४ लाखांचा ड्राफ्ट काढून वकिलाकडे ठेवला, तर सहा महिन्यांनी तो निरुपयोगी ठरतो. ड्राफ्ट दुसऱ्या तारखेच्या आठवड्यातच काढावा, आणि त्याचा क्रमांक, तारीख व बँकेची शाखा न्यायालयाच्या नोंदीत यावी. रोखीचा व्यवहार पूर्णपणे टाळावा. त्याचा पुरावा दोघांपैकी कोणाकडेच राहत नाही.

स्त्रीधनाचा हिशेब या रकमेत मिसळू नये. माहेरून व सासरहून लग्नात मिळालेले दागिने ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. ते परत करणे म्हणजे पोटगी देणे नव्हे. प्रत्येक दागिना वजनासह यादीत लिहावा, सराफाकडून वजन करून घ्यावे आणि पोच घ्यावी. संयुक्त नावाचा लॉकर दोघांनी एकत्र जाऊन उघडावा व बंद करावा.

बँक आणि पेढी

व्यापारी घरांत सुनेचे नाव अनेक कागदांवर असते. कोठे ती भागीदार असते, कोठे घरकर्जाची सहकर्जदार, कोठे पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याची जामीनदार. ‘यापुढे सर्व कर्जाची जबाबदारी पतीची राहील’ असे तडजोडनाम्यात लिहिले की ती मोकळी झाली, असे दोन्ही पक्ष मानतात. बँक मात्र या तडजोडीत पक्षकार नसते. हप्ते थकले तर बँक तिच्याकडेही मागणी करू शकते आणि तिच्या नावावर थकबाकीची नोंद होऊ शकते.

म्हणून अर्ज दाखल करण्यापूर्वीच बँकेकडे जामीनदार बदलण्याची मागणी करावी. बँक दुसऱ्या जामीनदाराची ऐपत पाहते, कधी तारण वाढवून मागते. यात काही आठवडे जातात. बँकेचे मुक्ततेचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय हा मुद्दा मिटला, असे समजू नये. पत्नी भागीदार असेल तर निवृत्तीचा लेख करून पेढी-निबंधकांकडे नोंद व जाहीर सूचना द्यावी. अन्यथा पुढील व्यवहारांची देणीही तिच्यामागे लागू शकतात. ठेवी व विमा पॉलिसींवरील नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप रद्द होते, असे समजू नये. ते स्वतः बदलावे.

मुले आणि प्रलंबित तक्रारी

मुलांचा ताबा कोणाकडे, भेटी कोणत्या दिवशी, दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्ट्या कशा वाटायच्या, पर्युषणात मूल कोणत्या घरी राहील, शाळेची फी कोण भरणार, हे सर्व तारखांसह लिहावे. ‘परस्पर सोयीने भेट’ हे शब्द सोय संपली की निरर्थक होतात. आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाचा निर्वाहाचा हक्क ती सोडू शकत नाही. तसे कलम लिहिले तरी ते मुलाला बांधत नाही.

पोलिसांत छळाचा गुन्हा नोंदला गेला असेल, तर घटस्फोटाने तो संपत नाही. तो उच्च न्यायालयाकडून रद्द करून घ्यावा लागतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी त्याकरिता मुंबईऐवजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जावे लागते. यासाठी पत्नीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र केव्हा द्यायचे, हेही शेवटच्या हप्त्याच्या तारखेशी जोडून ठेवावे.

अर्जावर सही करण्यापूर्वी दोघांनी हा कागद आपापल्या वकिलांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावा. दोन्हीकडचे वडीलधारे बैठकीत जे तोंडी ठरवतात, त्यातील प्रत्येक गोष्टीपुढे रक्कम, तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव आले आहे का, एवढे तपासावे. ज्या गोष्टीपुढे तारीख नाही, ती अजून ठरलेली नाही असे समजावे आणि ती ठरेपर्यंत अर्ज थांबवावा.