दावा क्रमांक एकच्या आत आणि बाहेर

निफाडकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कांद्याची पात कापणारे यंत्र तयार झाले आहे, असे समजू. कांदे उतरत्या रुळांवरून घरंगळत येतात, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन रूळ पात खाली ओढून घेतात आणि खालचे पाते ती कापते. पेटंटसाठी अर्ज करावा असे कारागिराच्या मनात आहे. तेवढ्यात गूगल पेटंट्सवर एक चिनी पेटंट सापडते. त्याचा संगणकाने केलेला इंग्रजी अनुवाद समोर येतो, आणि चित्रात तेच दोन रूळ, तेच पाते. इथे बरेच जण हात टेकतात. काही जण उलट वागतात; बारीकसा फरक बोटाने दाखवून ‘आपले वेगळे आहे’ म्हणतात आणि अर्ज ठोकून देतात. दावे नीट वाचलेले नसतात दोघांनीही.

आपल्या या कल्पित पेटंटात चार दावे आहेत. पहिला म्हणतो: चौकट, विरुद्ध दिशांना फिरणारे दोन रूळ आणि त्यांच्याखाली फिरते पाते असलेले यंत्र, ज्याचे वैशिष्ट्य असे की रुळांमधले अंतर स्प्रिंगमुळे कमी-जास्त होते. दुसरा: दावा 1 मधील यंत्र, ज्यात रुळांवर रबराचे आवरण आहे. तिसरा: दावा 1 किंवा 2 मधील यंत्र, ज्यात अंतर 4 ते 10 मिलिमीटर आहे. चौथा: दावा 3 मधील यंत्र, ज्यात पात सरळ करणारा पंखा आहे.

यातला पहिला दावा स्वतंत्र. तो दुसऱ्या कशावर टेकलेला नाही. उरलेले तीन अवलंबित. ‘दावा 1 मधील’ या दोन शब्दांत पहिल्या दाव्याच्या सगळ्या अटी गुपचूप आत येतात. म्हणून दुसरा दावा रबराच्या रुळांचा नाही. तो चौकट, दोन रूळ, पाते, स्प्रिंग आणि रबर या सगळ्यांचा मिळून आहे. दाव्यात जितक्या अटी जास्त, तितकी त्याची हद्द लहान. एखादे यंत्र दाव्याच्या आत येते ते प्रत्येक अट त्यात सापडली तरच.

आता आपल्या कारागिराच्या रुळांवर रबर आहे, पण अंतर कायमचे ठरलेले, स्प्रिंग नाही. ‘रबर तर त्यांच्या दुसऱ्या दाव्यात आहे’ म्हणून त्याने धसका घ्यायचे कारण नाही. पहिल्या दाव्यातली स्प्रिंग नाही म्हणजे तो पहिल्याच्या शब्दांबाहेर आहे, आणि पहिल्याच्या बाहेर असलेला माणूस दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याच्या आत जाऊच शकत नाही. मात्र त्याने स्प्रिंग लावली असती आणि अंतर 12 मिलिमीटर ठेवून ‘मी 4 ते 10 मध्ये बसत नाही’ म्हटले असते, तर ते चालले नसते. तो आकडा तिसऱ्या दाव्यातला. पहिल्यात आकडा नाहीच, त्यामुळे 12 मिलिमीटरही त्याच्या पोटात येते. आणि स्प्रिंगऐवजी तेच काम तसेच करणारा रबरी ठोकळा बसवला, तर ‘शब्द वेगळा’ एवढ्यावर न्यायालयात सुटका होईल, असे धरून चालू नये.

अनुवादात दोन ठिकाणी विशेष सांभाळायचे. चिनी दाव्यांत ‘ज्याचे वैशिष्ट्य असे की’ हा जोड हमखास असतो आणि वाचणाऱ्याला वाटते, खरा दावा त्याच्या पुढचाच. तसे नाही. आधीची चौकट, रूळ, पाते ह्याही अटीच आहेत. दुसरे, यंत्रात अमुक भाग ‘आहेत’ आणि यंत्र अमुक भागांचे ‘मिळूनच बनलेले आहे’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या रचनेत आणखी दहा भाग जोडले तरी तुम्ही दाव्याच्या आत राहता, दुसरीत बाहेर पडता. संगणकाचा अनुवाद कधी हा फरक पुसतो, कधी ‘1 किंवा 2’ मधला ‘किंवा 2’ गाळतो. संशय आला तर निदान क्रमांक आणि आकडे मूळ चिनी पानाशी ताडून पाहावेत. त्याला चिनी यावी लागत नाही.

दावे वाचण्याआधी क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही पाहावे. चिनी कागदावर A असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. त्यातले दावे मागितलेले आहेत, मिळालेले नव्हेत. B म्हणजे तपासणीनंतर मंजूर. U म्हणजे दहा वर्षांचे ‘युटिलिटी मॉडेल’, जे सखोल तपासणीशिवाय नोंदले जाते. आणि तिन्ही चीनपुरतेच. त्याच शोधाचा भारतात अर्ज झाला आहे का, हे एस्पेसनेटवर त्या पेटंटचे ‘कुटुंब’ उघडून आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोधयंत्रावर पाहून घ्यावे. आंतरराष्ट्रीय पीसीटी मार्गाने आलेल्याला भारतात शिरायला पहिल्या अर्जापासून 31 महिने मिळतात, म्हणून कागद ताजा असेल तर आज काही दिसले नाही तरी पुन्हा पाहावे लागते.

इथवरचे सगळे ‘मी हे यंत्र बनवून विकू शकतो का’ या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘मी पेटंट मागू का’ हा प्रश्न वेगळा, आणि घोटाळा होतो तो इथेच. नवेपणा ठरवताना दाव्याच्या हद्दी पाहत नाहीत. वर्णन, चित्रे, अवलंबित दावे, सगळा कागद पाहतात. तो चीनचा असो, मुदत संपलेला असो, A असो की U, तुमच्या अर्जाआधी प्रसिद्ध झाला असेल तर पुरे. आपल्या चिनी पेटंटाच्या वर्णनात समजा एका परिच्छेदात लिहिले आहे की रुळांमधले अंतर कायमचे ठेवले तरी चालेल, आणि दुसऱ्यात, की पात्याची उंची बोल्टने बदलता येते. झाले! कायमचे अंतर, म्हणजे ज्या फरकाने कारागीर दाव्याबाहेर राहिला, तोच फरक नवा म्हणून मागता येत नाही. रबर आणि पंखा तर दाव्यांतच उघड झाले आहेत.

मग उरते काय? कारागिराने एक गोष्ट पाहिली होती. लहान कांदा रुळांमध्ये खोल बसतो, मोठा वर राहतो. पाते एकाच उंचीवर असले तर लहान कांद्याची मान आखूड कापली जाते आणि असा कांदा चाळीत लवकर सडतो. म्हणून त्याने कांद्याच्या माथ्याला टेकणारी एक हलकी पट्टी बसवली आणि तरफेने ती पात्याला जोडली. पट्टी खाली गेली की पातेही खाली जाते. बोल्टने उंची बदलणे वेगळे आणि प्रत्येक कांद्यागणिक ती आपोआप बदलणे वेगळे. भारतीय कायद्याचे कलम 3(फ) आपापले काम सुटेपणाने करणाऱ्या माहितीतल्या उपकरणांची नुसती मांडणी नाकारते. इथे पट्टी आणि पाते एकमेकांवर अवलंबून चालतात, हे मुद्दाम दाखवावे लागेल.

त्याच्या अर्जाचा पहिला दावा म्हणून एवढाच असावा: दोन रूळ, खाली पाते, आणि कांद्याला स्पर्श करून पात्याची उंची बदलणारा भाग. रबर त्यात घालू नये; घातले तर लोखंडी रूळ वापरणारा शेजारी मोकळा सुटतो. तरफेच्या दोन बाजूंचे प्रमाण, पट्टीचा आकार, रबर हे अवलंबित दाव्यांत जावे. परीक्षकाला उद्या गाजराची पाने छाटणाऱ्या एखाद्या जुन्या यंत्रात अशीच पट्टी सापडली आणि पहिला दावा पडला, तर तरफेच्या प्रमाणाचा दावा कदाचित तग धरेल. मूळ शुल्कात दहा दाव्यांची सोय आहे, तेव्हा कंजुषी करण्याचे कारण नाही.

अर्जावर सही करण्याआधी एक खर्च मात्र करावा: पात्याच्या उंचीबद्दलचा तो परिच्छेद चिनी जाणणाऱ्या माणसाकडून अनुवादित करून घ्यावा. ‘बोल्टने बदलता येते’ असे संगणक सांगतो. मुळात ‘कांद्याच्या आकारानुसार बदलते’ असे असेल, तर पहिला दावा अर्ज करण्याआधीच तरफेपर्यंत मागे घ्यावा लागेल.