‘जरा एक मिनिट’ आणि सुटलेली ओळ

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी नावाची यादी तयार होते. कुठल्या पुरवठादाराने आपल्या नावावर कुठलं बिल दाखवलं आणि त्यावर किती कर लावला, हे तिच्यात असतं. २० तारखेपर्यंत ३बी भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने ही यादी आणि आपलं खरेदीचं रजिस्टर ओळीला ओळ लावून जुळवायचं. ऐकायला सोपं आहे. पण पुरवठादार बिलाचा नंबर वर्षासकट पूर्ण टाकतो आणि आपल्याकडे नुसते शेवटचे तीन आकडे टाकलेले असतात. एखादं बिल त्याने पुढच्या महिन्यात दाखवलेलं असतं, एखादं दाखवलेलंच नसतं. संगणक ढोबळ जुळणी करतो, पण न जुळलेल्या ओळी माणसालाच डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात.

माझी एक मैत्रीण भोसरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात हे काम करते. ऑफिस म्हणजे एकच हॉल. खरेदी, विक्री, डिस्पॅच आणि अकाउंट्स सगळे त्यातच, आणि हिची खुर्ची नेमकी दारापासून पँट्रीकडे जाणाऱ्या वाटेवर. एकदा तिने एकाच पुरवठादाराचं एक बिल दोनदा जुळवलं आणि त्याच्या खालचं सोडून दिलं. चूक भरायच्या आदल्या दिवशी सापडली, म्हणून निभावलं. त्या ओळीवर असताना काय झालं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. कुणीतरी येऊन म्हणालं होतं, “जरा एक मिनिट, स्टेपलर आहे का?”

स्टेपलरला किती वेळ लागतो? तीन सेकंद. पण तीन सेकंदही पुरतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक आल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ठरावीक क्रमाने करायचं एक काम दिलं आणि मध्येमध्ये अगदी छोटा व्यत्यय आणला, सरासरी २.८ सेकंदांचा. तेवढ्यानेही क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. चूक कुठली? पायरी गाळणं किंवा तीच पुन्हा करणं. मैत्रिणीची झाली तीच. कारण आपण कितव्या ओळीवर आहोत, ही नोंद कागदावर नसते, ती डोक्यात असते. मान वर केली की ती पुसायला लागते. गोळा-बेरीज करताना कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं, त्यातलाच प्रकार.

हेडफोन लावून बसावं, हा उपाय सगळ्यांनाच सुचतो. मैत्रिणीनेही करून पाहिला. फरक एवढाच पडला, की लोक हाक मारण्याऐवजी खांद्यावर टिचकी मारू लागले. मग तिने आधी मोजायचं ठरवलं. टेबलावर एक वही ठेवली आणि पाच दिवस प्रत्येक व्यत्ययाची एक ओळ लिहिली: वेळ, कोण, कशासाठी, आणि हे किती वेळ थांबू शकलं असतं. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा ठरला.

मंगळवारच्या पानावर तेवीस नोंदी होत्या. त्यांतल्या आठ एकाच प्रश्नाच्या: “माझं बिल पास झालं का?” किंवा “अमुक पार्टीचं पेमेंट गेलं का?” चार जणांना लेजरची प्रत नाहीतर जुनं व्हाउचर हवं होतं. चारदा नुसत्या गप्पा झाल्या. तीनदा साहेबांनी बोलावलं आणि दोनदा नवा मुलगा अडला म्हणून आला. ज्यांना खरोखर थांबता आलं नसतं, अशा नोंदी फक्त दोन. एकदा ई-वे बिलावाचून ट्रक गेटवर उभा होता, आणि एकदा बँकेचा फोन होता. स्वतःहून मोबाइल उचलला की तिने समासात एक गोल काढला होता. ते गोल सहा होते.

हे पान पाहिलं की उपाय कुठे करायचा ते दिसतं. लोक तिला त्रास द्यायला येत नव्हते. बिल कुठपर्यंत आलं, हे जाणून घ्यायची दुसरी जागाच ऑफिसात नव्हती, म्हणून तिच्याकडे येत होते. तिने सगळ्यांना उघडता येईल असा एक तक्ता बनवला. त्यात बिलाचा नंबर, मिळाल्याची तारीख, कुणाकडे अडलंय आणि पेमेंटची तारीख एवढंच. तो दिवसातून दोनदा भरायचा, एक वाजता आणि साडेपाचला. सुरुवातीला लोक तक्ता न बघताच यायचे. तेव्हा ती तोंडी उत्तर द्यायची नाही, त्यांच्यासमोर तक्ताच उघडायची. पण तक्ता वेळेवर भरला नाही तर दुसऱ्याच दिवशी लोक पुन्हा टेबलाशी येतात. शिळ्या तक्त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

उरलेले प्रश्न टाळण्यासारखे नसतात, पण एकत्र करण्यासारखे असतात. तिने दोन वेळा जाहीर केल्या: बारा ते साडेबारा आणि साडेचार ते पाच. त्या वेळेत ती मध्येच सोडता येतील अशीच कामं घेते, म्हणजे मेलची उत्तरं, फायलिंग, व्हाउचरवर शिक्के. सकाळी साडेदहा ते बारा मात्र जुळणी. तेव्हा मॉनिटरवर लाल रुमाल असतो. बारा वाजता तो खाली येतो.

रुमाल खाली येणं हीच खरी मेख आहे. कामाच्या जागी लाल दिवा लावण्याचा एक मोठा प्रयोग एबीबी या कंपनीत झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात बारा देशांतले ४४९ कर्मचारी होते. टेबलावरचा छोटा दिवा माणूस कीबोर्ड आणि माउस किती वापरतोय, त्यावरून आपोआप रंग बदलायचा. व्यत्यय ४६ टक्क्यांनी घटले. दिवा आपोआप हिरवाही होत होता, म्हणून लाल रंगाला किंमत राहत होती. दिवसभर लाल रुमाल टांगून ठेवणाऱ्याकडे आठवड्याभरात कुणी बघतही नाही.

तरीही कुणीतरी येतंच. त्या वेळी पहिले वीस सेकंद महत्त्वाचे. मान वर करायची नाही. हाताने थांबायची खूण करून “अर्धं मिनिट” म्हणायचं, चालू ओळ पूर्ण करायची, आणि कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: कुठे थांबलो आणि पुढे काय करायचं. उदाहरणार्थ, ‘ओळ १४६ झाली. १४७: कर जुळतो, तारीख नाही, मूळ बिल बघ.’ मग वर बघायचं. सोफी लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब या संशोधकांनी अशा छोट्या टिपणाचा परिणाम तपासला आहे. टिपण लिहिलेलं असलं की मन मागच्या कामात अडकून राहत नाही आणि समोरच्याच्या प्रश्नाकडेही नीट लक्ष जातं. जुने मुनीम जुळवलेल्या प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीने टिक करायचे आणि चालू ओळीखाली पट्टी ठेवायचे. त्यामागची समज हीच.

मग बोलायचं काय? “आत्ता वेळ नाही” म्हटलं की माणूस दुखावतो, आणि दहा मिनिटांनी पुन्हा येतोच. त्यापेक्षा विचारावं, “आत्ता अडलंय, की साडेचारपर्यंत चालेल?” बहुतेकांचं चालतं. चालत असेल तर त्याच्यासमोरच त्याचं नाव वहीत लिहायचं आणि साडेचारला आपण उठून त्याच्या टेबलाशी जायचं. दोन-तीनदा तसे गेलो की ‘थांब’चा अर्थ ‘टाळतेय’ असा होत नाही हे लोकांना कळतं. एकदा जरी विसरलो तरी ही सगळी व्यवस्था ढासळते.

साहेबांना थांबवता येत नाही. पण हातातलं काम त्यांच्यापुढे ठेवता येतं: “सर, २बीच्या मधोमध आहे, अजून साठ ओळी राहिल्यात. हे सोडून आत्ता येऊ, की बारा वाजता?” निर्णय त्यांचाच राहतो, फक्त तो काय मोडून घ्यायचा हे त्यांना दिसतं. मैत्रिणीच्या साहेबांनी तीनपैकी दोनदा “बारालाच ये” म्हटलं. तिसऱ्यांदा आत्ताच बोलावलं, आणि ती गेली.

नव्या मुलाचा हिशेब वेगळा. तो अडला तर तासभर नुसता बसून राहील, नाहीतर चुकीची नोंद करून ठेवेल, आणि ती निस्तरायला दुप्पट वेळ जाईल. त्याला रुमाल लागू नाही. त्याला एवढंच सांगितलंय, की पंधरा मिनिटं स्वतः प्रयत्न कर, काय काय करून पाहिलंस ते लिही, मग ये. लिहिता लिहिता बऱ्याचदा त्याचं त्यालाच सापडतं.

ही व्यवस्था कुठे मोडते, तेही सांगायला हवं. लेस्ली पर्लो या संशोधिकेने अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांबरोबर ‘शांत वेळ’ आखून पाहिली होती. १९९९ साली तिने ते लिहून प्रसिद्ध केलं. आठवड्यातले तीन दिवस दुपारपर्यंत कुणी कुणाला मध्येच टोकायचं नाही, असा नियम होता. प्रयोग चालू असेपर्यंत कामं नीट झाली. संशोधिका गेली आणि मंडळी जुन्या वळणावर आली, कारण तिथे कौतुक व्हायचं ते ऐन वेळी धावून जाऊन आग विझवणाऱ्याचं. शांतपणे काम वेळेत उरकणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भोसरीतही ही ओढ आहेच. मार्चअखेर सगळे हवालदिल असतात, तेव्हा रुमाल खणात जातो. काही जण टेबलाशी येण्याऐवजी व्हॉट्सॲपवर विचारतात. म्हणून साडेदहा ते बारा मोबाइलही त्याच खणात. तिची खुर्ची अजून पँट्रीच्या वाटेवरच आहे. ती हलवा, असं तिने दोनदा सांगून झालं, आणि या कुठल्याही युक्तीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता. पण ते तिच्या हातात नाही.

उपाय लागू पडतोय का, हे ती किती लोक आले यावरून ठरवत नाही. वहीच्या मागच्या पानावर ती एकच गोष्ट मोजते, ती म्हणजे जुळणी करताना ‘मी कुठे होते?’ म्हणून किती वेळा मागे जावं लागलं. पूर्वी एका सकाळी आठ-दहा खुणा व्हायच्या. गेल्या १७ तारखेला तीन होत्या. त्यांतल्या एका खुणेपुढे तिने स्वतःच गोल काढला होता.

स्टेपलर आता पँट्रीच्या दाराशी दोरीने बांधलेला आहे.