आभाराचा मेसेज आणि आहेराची वही

आपल्याकडे कार्यक्रमात आभारप्रदर्शन नेहमी शेवटी असते. तोपर्यंत सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते, पोरे चपला शोधत असतात आणि आभार मानणारा बिचारा माईकसमोर एकटाच उभा असतो. गेली वीस वर्षे वस्तीतल्या जयंतीपासून वर्षावासाच्या समारोपापर्यंत हे काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडत आले आहे. त्यामुळे 2025 च्या मे महिन्यात शेजारच्या मुलीचा मंगल परिणय झाला आणि चार दिवसांनी ती मोबाईल घेऊन रडवेल्या तोंडाने दारात उभी राहिली, तेव्हा तिला नेमके काय विचारायचे आहे ते मला लगेच कळले.

मुलगी नर्स आहे. आई कालकथित होऊन सहा वर्षे झाली. वडील कारखान्यातून निवृत्त. लग्नाच्या दिवसापासून तिच्या मोबाईलवर मंगलकामनांचा पाऊस पडला होता. नऊ ग्रुप, शिवाय वैयक्तिक मेसेज वेगळे. तिची रात्रपाळी सुरू व्हायची होती, म्हणून धाकट्या भावाने एक मजकूर तयार करून तिला पाठवला. तो असा होता :

"आमच्या मंगल परिणयप्रसंगी आपण सर्वांनी उपस्थित राहून दिलेल्या मंगलकामनांबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. असेच प्रेम कायम असू द्या."

मजकुरात चूक काहीच नाही. तिने तो पाच-पाच जणांना पुढे ढकलायला सुरुवात केली. त्यातला एक मनमाडच्या सख्ख्या मामाला गेला. मामाचा पाय मोडलेला, पायाला प्लॅस्टर. त्याने लग्नाच्या दिवशी लिहिले होते, "पोरी, येता येत नाही. फोटो बघितले. हिरव्या काठाच्या साडीत तू अगदी ताईसारखी दिसतेस." त्याला उत्तर गेले, "आपण उपस्थित राहून". वर शिक्का 'Forwarded'. मामाने मुलीला काही म्हटले नाही. तिच्या वडिलांना फोन करून एवढेच विचारले, "दाजी, माझा नंबर तिच्याकडे नावाने आहे ना?"

तो 'Forwarded' शिक्का कशामुळे येतो हे पुष्कळांना माहीत नसते. दुसऱ्याने लिहिलेला मेसेज आपण पुढे पाठवला की व्हॉट्सॲप तो शिक्का मारते. म्हणजे भावाने लिहिले आणि बहिणीने ढकलले, हे मामाच्या मोबाईलने मामाला सांगून टाकले. तोच मजकूर तिने कॉपी करून चिकटवला असता तर शिक्का आला नसता, पण "उपस्थित राहून" हे शब्द तर राहिलेच असते. खरा घाव त्या शब्दांचाच होता.

मी तिला म्हटले, "बाई, आधी लिहू नकोस. आधी वही काढ."

लग्नमंडपात दाराशी आहेराची वही घेऊन एक जण बसतो. नाव, गाव, रक्कम. कोणी पाकीट दिले, कोणी भांडे दिले, कोणी नुसते जेवून गेले, सगळे त्या वहीत कळते. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की तीच वही उघडून घरची माणसे बघतात. मंगलकामनांचेही तसेच धरावे असे मला वाटते. मी कारकून माणूस, रकाने पाडल्याशिवाय मला काही सुचत नाही. रविवारी दुपारी तिने मेसेज वाचायचे आणि मी वहीत रेघ ओढायची, असे दोन तास बसलो. एकूण भरले 346.

त्यांतले 210 म्हणजे नुसते फूल, जोडलेले हात, "अभिनंदन", "जयभीम, मंगलकामना". 75 जण असे, जे लग्नाला येऊन गेले आणि वर लिहिलेही. 28 जणांनी न येण्याचे कारण लिहिले होते. आणि 33 जणांनी स्वतःचे काहीतरी लिहिले होते : आठवण, सल्ला, आईचा उल्लेख, थट्टा.

ही वही बघितल्यावर मुलीचा निम्मा धसका गेला. कारण फुलाला उत्तर म्हणून जोडलेले हात पुरतात. ज्याने बोट टेकवून फूल पाठवले, त्याला दहा ओळींचे पत्र पाठवले तर तोच अवघडतो. त्या 210 जणांना आणि येऊन गेलेल्या 75 जणांना त्यांच्या त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुरेसा होता. वेगळे लिहायचे राहिले ते फक्त 61.

भावाने मध्येच सुचवले की ब्रॉडकास्ट लिस्ट करू, एका यादीत 256 जण बसतात, एका दमात काम होईल. ते आम्ही केले नाही. ब्रॉडकास्टचा मेसेज त्यालाच पोहोचतो, ज्याने आपला नंबर साठवून ठेवला आहे. मुलीने वर्षापूर्वी नंबर बदललेला. गावाकडच्या किती आत्या-मावश्यांनी तो नावाने साठवला असेल? ज्यांना मिळणार नाही त्यांना वाटेल की साधे आभारही मानले नाहीत, आणि आपल्याला ते कधी कळणारही नाही.

मग ग्रुपचे मेसेज लिहायला घेतले. नऊ ग्रुपना नऊ वेगवेगळी पत्रे लिहायची गरज नसते. शेवटच्या दोन ओळी आणि दोघांची नावे सगळीकडे तीच चालतात. पण पहिली दोन वाक्ये त्या ग्रुपचीच हवीत. पहिलीच का, तर मेसेज लांबला की मोबाईल तो अर्ध्यावर कापून खाली 'Read more' लिहितो. पुष्कळ माणसे ते दाबत नाहीत. वर "सर्व मान्यवर, हितचिंतक, आप्तेष्ट" यांची रांग लावली तर खरे बोलणे खाली झाकून जाते.

विहाराच्या ग्रुपसाठी तिने पहिल्यांदा लिहिले, "आपल्या प्रेमाने आम्ही भारावून गेलो." मी विचारले, "हे वाक्य तुझ्या नर्स मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले तर चालेल का?" म्हणाली, "चालेल की." म्हटले, "मग ते विहाराचे नाही." त्या दिवशी नेमके काय घडले ते आठवायला सांगितले. मग ती हसली. जयमंगल अष्टगाथा सुरू असताना लाईट गेली होती, माईक बंद पडला होता आणि साऱ्या मंडपाने आपापल्या आवाजात ती पुढे नेली होती. तिने लिहिले :

"जयभीम. माईक बंद पडला तेव्हा अष्टगाथा तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हटली. व्हिडिओत आमचा आवाज येतच नाही, तुमचाच येतो. आहेरात आलेल्या वह्या-पुस्तके अभ्यासिकेच्या कपाटात ठेवली आहेत, मुलांना सांगावे."

नर्सच्या ग्रुपवर : "माझ्या तीन रात्रपाळ्या तुम्ही वाटून घेतल्यात म्हणून हळद अंगाला लागली. त्या तिन्ही मला परत करायच्या आहेत, पुढच्या महिन्याचा तक्ता लागायच्या आत सांगा."

आणि गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर : "तुम्ही टेंपोने रात्रभर प्रवास करून आलात. परत जाताना वाटेसाठी जेवण बांधून द्यायचे आमच्याकडून राहिले. आप्पांना फार लागले आहे ते." हे शेवटचे लिहू की नको, असे तिला झाले होते. मी म्हटले, लिही. जे राहिले ते सगळ्यांनी पाहिलेलेच असते.

नावे घालावीत का, हा मोठा प्रश्न. माझा अनुभव असा की व्यासपीठावर पाच नावे घेतली की सहावा रुसतो, आणि "अनवधानाने कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व" म्हटल्याने तो हसत नाही. यादी पुरी असेल तरच नावे घालावीत. नाहीतर काम सांगावे. "भाकरी थापणाऱ्या सगळ्या जणी" म्हटले की थापणारी प्रत्येक जण स्वतःला ओळखते.

एका ठिकाणी मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. आत्याच्या ग्रुपवर मेसेज टाकणार, तोच वडिलांनी थांबवले. आदल्या रात्री त्याच ग्रुपमधल्या एका ताईंचे मिस्टर वारले होते. वर सगळे आदरांजलीचे मेसेज, पुण्यानुमोदनाची तारीख, आणि त्यांच्याखाली आमची फुले आणि फटाके गेले असते. त्या ग्रुपला जलदान विधी होईपर्यंत काही पाठवले नाही. पाठवण्याआधी वरचे दहा-बारा मेसेज वाचायचे, ही सवय तेव्हापासून त्या घराला लागली.

राहिलेल्या 61 जणांचे काम तिने चार संध्याकाळी केले, रोज पंधरा-सोळा. ड्युटीवर जाण्यापूर्वी अर्धा तास. प्रत्येकाला दोनच वाक्ये. पहिल्या वाक्यात त्याने स्वतः लिहिलेला एखादा शब्द परत यायला हवा, आणि दुसऱ्यात एखादी खरी गोष्ट, झालेली किंवा व्हायची. शाळेतल्या बाईंनी लिहिले होते, "पगार हातात ठेव." त्यांना तिने लिहिले, "बाई, पगार हातात ठेवायचा सल्ला त्यांनाही वाचून दाखवला. बँकेचे पासबुक माझ्याच पर्समध्ये आहे." यात "आभार" हा शब्द नाही, पण बाईंना तो दिसला असणार. तीस-चाळीस मेसेजनंतर मात्र ती दमली आणि पुन्हा "खूप छान वाटले" असे सगळ्यांना लिहू लागली. सलग तीन उत्तरे एकसारखी दिसली की तेवढ्यापुरते थांबायचे, उरलेले उद्या, असे आम्ही ठरवले. आठ दिवसांत संपले तरी कोणी उशीर झाला म्हणत नाही.

आवाजात बोलून पाठवणाऱ्यांना आवाजातच उत्तर दिले. सहा म्हाताऱ्या होत्या. त्यांतल्या दोघींना वाचता येत नाही. त्यांना टाईप करून पाठवले असते तर नातवंडाला धरून वाचून घ्यावे लागले असते. फेसबुकवरच्या मंडळींसाठी लग्नाच्या फोटोखालीच चार ओळी लिहिल्या आणि काही विशेष लिहिणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या ओळीखाली उत्तर दिले. तिथे एकाच्या खाली एक सगळे दिसते, त्यामुळे तेच वाक्य दोनदा टाकले की लगेच उघडे पडते.

मामाचे उत्तर तिने शेवटी ठेवले होते. लिहून दोनदा पुसले. मग फोन तोंडाशी धरून बोलली, "मामा, पहिला मेसेज न बघता गेला, माझे चुकले. हिरव्या काठाची ती साडी आईचीच आहे, ट्रंकेतून काढली होती. तुम्हीच ओळखलीत. प्लॅस्टर निघाले की आम्ही दोघे येतो."

तासाभराने मामाचा आवाज आला. प्लॅस्टर पुढच्या मंगळवारी निघणार होते, आणि येताना ती साडी नेसून ये, असे तो म्हणत होता.