एल्डरबेरीचं सिरप आणि तापाचे पहिले ४८ तास

पावसाळ्यात जोयडा, रामनगर, कॅसलरॉक या पट्ट्यात खोकल्या-तापाची साथ येते. घरोघरी गुळवेल, तुळस, आलं यांचा काढा उकळू लागतो. आता त्याच्या जोडीला शहरात राहणाऱ्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या एल्डरबेरीच्या सिरपची बाटली आणि एकिनेशियाच्या गोळ्याही दिसतात. एल्डरबेरी हे युरोपातल्या एका झाडाचं काळसर जांभळं फळ. एकिनेशिया ही उत्तर अमेरिकेतली फुलझाडाची जात. दोन्हींच्या बाटल्यांवर ‘इम्युनिटी’ हा शब्द ठळक असतो.

एल्डरबेरीची कीर्ती मुख्यतः २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या चाचणीवर उभी आहे. फ्लूची लक्षणं सुरू होऊन ४८ तास उलटले नव्हते अशा ६० रुग्णांना त्यात घेतलं होतं. त्यांना १५ मिलि सिरप दिवसातून चार वेळा, पाच दिवस दिलं गेलं. ज्यांना खरं सिरप मिळालं ते दिखाऊ सिरप मिळालेल्यांपेक्षा सरासरी चार दिवस आधी बरे झाले. मात्र साठ माणसांच्या चाचणीत योगायोगाचा वाटा मोठा असू शकतो. पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने तपासणीत फ्लू पक्का झालेल्या ८७ रुग्णांवर तसाच प्रयोग केला. २०२० साली आलेल्या त्याच्या निष्कर्षात सिरपचा काहीच फायदा दिसला नाही. हे सिरपही ४८ तासांच्या आतच सुरू केलेलं होतं, त्यामुळे ‘उशीर झाला म्हणून गुण आला नाही’ असंही म्हणता येत नाही.

एकिनेशियाची गोष्ट फारशी वेगळी नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ७१९ जणांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली आले. सर्दी सुरू झाल्यावर लगेच गोळ्या दिल्या, तरी आजार जेमतेम अर्ध्या दिवसाने कमी झाला आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. २०१४ साली कॉक्रेन संस्थेने २४ चाचण्या एकत्र तपासल्या. सर्दी झाल्यावर घेतलेल्या एकिनेशियाचा ठोस उपयोग त्यांना सापडला नाही. सर्दी होऊ नये म्हणून घेतल्यास थोडा फायदा असण्याची शक्यता दिसली, पण बाजारातल्या उत्पादनांत मूळ, पान, फूल यांचं प्रमाण इतकं वेगवेगळं असतं की एका बाटलीचा अनुभव दुसरीला लागू होत नाही.

फायदा एवढा तुटपुंजा असताना धोका मात्र काही जणांना मोठा आहे. ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांसारख्या आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते आणि तिला आवरायलाच औषधं चालू असतात. अशा वेळी तिला चेतवणारी वनस्पती घेणं म्हणजे उपचाराच्या उलट दिशेने जाणं. एकिनेशिया घेतल्यावर पेम्फिगस या त्वचारोगाने उचल खाल्ल्याची नोंद २००४ साली त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. अशा नोंदी मोजक्या आहेत आणि त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही युरोपच्या औषध नियामकाने ऑटोइम्यून आजार असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना एकिनेशिया न घेण्याचा सल्ला दिला आहे. इतरांनीही ते दहा दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, असं तो सांगतो.

आपल्याकडे हाच प्रश्न गुळवेलीच्या निमित्ताने पुढे आला. करोनाकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. पुढे १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांच्या अभ्यासात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४६ दिवस गेल्याचं आढळलं. ही इजा बहुधा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पण दारातली वेल म्हणजे निर्धोक, हे गृहीत धरता येणार नाही एवढं यातून नक्की निघतं. काढा चालू असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर तो थांबवून रक्ताची यकृततपासणी करावी.

एल्डरबेरीची कच्ची फळं, पानं आणि फांद्या यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात कच्ची फळं पानांसकट पिळून काढलेला रस प्यायल्याने काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. म्हणून हे सिरप घरी करण्याच्या भानगडीत पडू नये.

वेळेचा हिशेब खऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे तो फ्लूच्या ऑसेल्टॅमिविर या औषधासाठी. त्याचा सर्वाधिक उपयोग पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यावर होतो. वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे रुग्ण यांना त्याची गरज जास्त असते. जोयड्यासारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यात गावातून दवाखान्यात पोचण्यातच अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या माणसाने ताप आल्यावर दोन दिवस सिरपचा गुण पाहत बसू नये. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा आणि घरात चालू असलेला काढा, गोळ्या, सिरप या सगळ्यांची नावं त्यांना सांगावीत.